खुलासा: गुण माणसाला नव्हे, कामाला

“वेल्डर आणि स्टोअरकीपर एकाच ग्रेडमध्ये! साहेबांनी माणूस बघून पॉइंट दिले.”

असा आरोप झाला. चाकणच्या आमच्या कारखान्यात कामांना गुण देऊन ग्रेड ठरवणाऱ्या समितीत मी होतो. पुढ्यात नावं नव्हतीच, फक्त कामाची वर्णनं होती. वेल्डरच्या कामाला कौशल्याचे 140, श्रमाचे 60, जबाबदारीचे 50, धूर-उष्णतेचे 60, एकूण 310. स्टोअरकीपरच्या कामाला याच क्रमाने 120, 30, 145, 20, म्हणजे 315. ग्रेडचा पट्टा 301 ते 340, म्हणून दोघं एकत्र.

चूक निघाली ती स्टोअरकीपरच्या कामाच्या वर्णनात. ‘पुरवठादार ठरवणे’ असं लिहिलं होतं, प्रत्यक्षात तो फक्त मागणीपत्र भरतो (सही खरेदी विभागाची!). जबाबदारी एक पायरी उतरून 115 झाली, बेरीज 285. स्टोअरकीपरचं पद आता खालच्या ग्रेडमध्ये. सध्याचा पगार मात्र कापलेला नाही.