पालथ्या फोनवर दीड जीबी कीर्तन

आज डोकं फिरलंय, म्हणून लांबलचक लिहिते.

सकाळी अकराला आप्पांचा तासगावहून फोन. "आगं, नेट गेलंय. अडत्यानं पट्टीचा फोटू धाडलाय म्हनतोय, नुसतं गोल गोल फिरतंय." बेदाण्याचे सौदे झाले, दर काय लागला ते फोटोत, आणि फोटो उघडेना. रोजचा दीड जीबीचा पॅक अकरा वाजता संपलेला! संपला की स्पीड येतो 64 kbps वर, म्हणजे सेकंदाला जेमतेम 8 केबी. त्यातही बाकीची ॲपं हात मारणार, मग फोटो कुठला उघडतोय?

रविवार होता, गाडी काढली आणि गेले. शेडमध्ये पोचले तर आप्पा रॅकजवळ, आणि फोन क्रेटवर पालथा. पालथा! सकाळी त्यावर दोन तासांचं कीर्तन वाजलं होतं. स्क्रीन बंद केली की यूट्यूबच्या फुकटच्या ॲपमध्ये आवाज थांबतो, म्हणून स्क्रीन चालू ठेवायची आणि ऊन नको म्हणून फोन पालथा घालायचा, ही त्यांची युक्ती. महाराज दोन तास क्रेटच्या फळीला दर्शन देत होते.

सेटिंगमध्ये ॲपचा डेटा बघितला. यूट्यूब, आजचा, 1.38 जीबी. हिशोब सोपा आहे. बरा आवाज 128 kbps चा, म्हणजे सेकंदाला 16 केबी, दोन तासांचे साधारण 115 एमबी. 720p चा व्हिडिओ सेकंदाला दीड मेगाबिटच्या आसपास धरा, दोन तासांचे 1350 एमबी. कीर्तन 115 एमबीचं आणि उरलेला सव्वा जीबी फळीला दाखवायला! त्यात गंमत अशी की रेंज जितकी चांगली, तितकं Auto सेटिंग चित्र भारी करतं. आप्पांच्या शेडवर टॉवर समोरच आहे. म्हणजे चांगल्या रेंजचाच दंड.

आता कुणीतरी म्हणेल, आमच्याकडे अनलिमिटेड फाइव्ह जी आहे. असेल बाबा. आप्पांचा फोन फोर जी आहे, विषय संपला.

राग आप्पांवर नाहीच. राग त्या पॉडकास्टवाल्यांवर, जे दोन माणसं दोन माइकसमोर बसवतात आणि फक्त व्हिडिओ टाकतात. त्यात बघायचं काय असतं, कपातला चहा? ऑडिओची फीड ठेवली तर तासाला साठ एमबीच्या आत काम होतं. (चित्रातून जास्त पैसे मिळतात म्हणे. मिळत असतील.)

आणि खरं सांगू? राग माझ्यावरही आहे. फोन मीच घेऊन दिला, सेटिंग एकही बघितलं नाही.

तर आज बसून केलं. यूट्यूबच्या Settings मध्ये मोबाइल नेटवर्कसाठी Data saver लावलं. त्यानं फरक पडतो, पण चित्र येतंच. कीर्तनासाठी खरा उपाय म्हणजे व्हिडिओ चालू असताना गिअरवर दाबून Quality, मग Advanced, मग 144p. चित्र अंधुक, पण तासाला शंभर एमबीच्या आसपास भागतं. अडचण एवढीच की ही निवड त्या एका व्हिडिओपुरती. पुढचा लागला की परत निवडायचं. आप्पा चष्मा शोधून ते करणार? छे!

म्हणून ज्यांची ऑडिओ फीड आहे, ते कार्यक्रम अँटेनापॉड नावाच्या फुकट ॲपमध्ये घातले. स्क्रीन बंद, फोन खिशात, आवाज चालू. भाग आधी उतरवून ठेवता येतात, म्हणून पुढच्या रविवारी सांगलीच्या घरच्या वायफायवर आठवड्याचे भरून देणार. पण आप्पांच्या लाडक्या महाराजांची फीड सापडलीच नाही, ते फक्त यूट्यूबवर. तिथे 144p च.

आपलं कुठं गळतंय हे कळायला एक सोपी खूण. ॲपच्या डेटाचा आकडा बघा, दहा मिनिटं ऐका, परत बघा. दहा एमबीच्या आसपास वाढला तर आवाजच येतोय. शंभर वाढला तर चित्र येतंय, तुम्ही बघा नाहीतर फोन पालथा घाला. गाण्यांचंही तेच, पडद्यावर हिरो नाचतोय आणि तुम्ही खिडकीतून ऊस बघताय.

सगळं करून आप्पांच्या हातात फोन दिला. 144p वरचं कीर्तन लावलं. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं. "म्हाराज वळखू येईनात की गं."

मी म्हटलं, "आप्पा, तुम्ही फोन पालथा ठेवता ना?"

"ठेवतो की. पर टाळ वाढला की उलटा करून बघतो. नाचत्यात तवा."

मी गप्प. मग परत सेटिंगात गेले आणि टाळ वाढल्यावर 360p कसं करायचं ते दाखवलं. अर्धा तास गेला. पट्टीचा फोटो मात्र माझ्या हॉटस्पॉटवर उघडला.