पैठणी लवकर संपवायची असेल तर

कुणाच्या तरी पणजीची जांभळी पैठणी तुमच्या तालुक्याच्या संग्रहालयाला मिळाली आहे ना? मग आता उशीर नको. शंभर वर्षं ट्रंकेत टिकली म्हणून तिचं कौतुक करत बसू नका, अंधारात काय, कुणीही टिकतं. तिला उजेडात आणा, दक्षिणेकडच्या खिडकीशेजारी. मराठवाड्यात फुकट मिळणारी एकच गोष्ट आहे, ऊन. ती वाया कशाला घालवायची?

जुन्या रेशमाला ५० लक्सपेक्षा जास्त उजेड नको, असं सांगणारे लोक भेटतील. त्या उजेडात बाहेरून आलेल्या माणसाला आधी काहीच दिसत नाही. दोन-चार मिनिटं डोळे सरावावे लागतात. पाहुण्यांना अंधारात उभं करणं आपल्या रीतीत बसतं का? शिवाय हे लोक हिशेब मांडतात: रोजचे ८ तास, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे ५० लक्सने वर्षाला १,२०,००० लक्स-तास. आपल्या खिडकीत २,००० लक्स सहज मिळतात. तेवढाच उजेड साडेसात दिवसांत उरकतो. उद्घाटनापासून पुढच्या आठवडी बाजारापर्यंत वर्षभराचं काम फत्ते! उडालेला रंग साडी परत ट्रंकेत ठेवली तरी येत नाही, त्यामुळे केलेली मेहनत वायाही जात नाही. काचेला अतिनील किरण अडवणारी फिल्म लावायचा आग्रह झालाच तर लावा आणि पडदा काढून टाका. रंग उडवायला साधा दिसणारा उजेडही पुरतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

हवेचं म्हणाल तर आपल्याकडे निसर्गच निम्मं काम करतो. मे महिन्यात हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, आणि श्रावणात चपलांना बुरशी. आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत स्थिर ठेवा म्हणे! तुम्ही दालनात वाळ्याचा कूलर ठेवा. सकाळी दहाला तो सुरू झाला की रेशीम ओल पिऊन फुगतं, संध्याकाळी सहाला शिपाई बटण बंद करून गेला की रात्रभरात आकसतं. काठाची जर मात्र चांदीच्या तारेची. ती ना फुगते ना आकसते. रोज एकदा ही ओढाताण झाली की जरीच्या काठाशी रेशीम आपोआप तुटायला लागतं, कुणाला हातही लावावा लागत नाही. पावसाळ्यात आर्द्रता ६५च्या वर गेली की कपाट घट्ट बंद करा आणि उघडूच नका. बुरशीला शांतता लागते.

पण खरी कला मांडणीत आहे, तिथे कंजूषपणा नको. नऊवारी साडी, त्यात भरजरी पदर, ती उभी टांगायची. वरच्या काठाला दर वीतभर अंतरावर लोखंडी टाचण्या मारायच्या. सगळ्या साडीचं वजन त्या मोजक्या भोकांवर येतं आणि पहिल्या पावसात टाचण्यांभोवती तांबूस डागांची नक्षी फुकट मिळते. फळीला थोडा उतार द्या, वर पॉलिस्टरचं अस्तर आणि धुतलेलं कोरं सुती कापड चढवा, साडी त्यावर टेकवा, उरलेली घडी न घालता जाड नळीवर गुंडाळा, असं सांगणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. फळीवर लाल लोकरी बनातच हवी, समारंभाला शोभते. लोकरीतलं गंधक चांदीला काळं करतं. वर्षा-दोन वर्षांत सगळी जर कोळशासारखी झाली की पैठणी आणखी प्राचीन दिसू लागते.

आमच्याकडे हे सगळं यथासांग पार पडलं. तिसऱ्या वर्षी शिपाई मामा म्हणाले, “सर, साडी झडायलीय. खाली भुकटी पडायलीय रोज.” साहेबांनी लगेच उपाय केला: दिवसातून दोनदा झाडून घ्या.

काम नीट झालं की नाही, हे तपासायला कुठलं यंत्र लागत नाही. आमच्या पदराच्या कोपऱ्यावर पुठ्ठ्याची पाटी पहिल्या दिवसापासून टाचलेली होती. एकदा ती मामांनी पुसायला काढली, आणि खाली पोस्टकार्डाएवढा चौकोन निघाला, पिकल्या जांभळासारखा गर्द, त्यात अर्धा मोर. उरलेला अर्धा मोर बाहेर, शिळ्या चहाच्या रंगाच्या पदरावर. दोघांत रेघ इतकी सरळ की पट्टीने मारावी. असं झालं तर घाबरू नका. पाटी होती तिथेच, तंतोतंत, परत टाचा. तिच्यावर “गर्द जांभळी पैठणी” असं लिहिलंय, आणि त्यात काही खोटं नाही. पाटीखाली ती अजून आहे.