आकाश एकदा पांढरं झालं की झालं

«मागे सूर्य असल्यामुळे चेहरे काळे आलेत? टेन्शन नको! एक्स्पोजर +2 आणि शॅडोज 100 करा, चेहरे उजळले. आकाश पांढरं झालं तर हायलाइट्स -100 करा, सगळे रंग परत येतात. मास्क वगैरे प्रोफेशनल लोकांची नाटकं आहेत.»

हे फॉरवर्ड फिरत फिरत आमच्या ताईपर्यंत पोचलं आणि तिने ते मावशीच्या साठीच्या फोटोवर करून टाकलं. हरिहरेश्वरचा समुद्र, मागे मावळतीचं केशरी आकाश, पुढे मावशी आणि काका. आता आकाशाच्या जागी राखाडी पत्रा आहे आणि सूर्याभोवती कडक कडेचं पिवळं वर्तुळ. वर ओरिजिनलवरच सेव्ह केलेलं.

सगळ्यात आधी ते «परत येतात». कुठून येणार? +2 म्हणजे उजेड चौपट. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला 0 ते 255 एवढीच जागा, आणि एसआरजीबी, म्हणजे उजेडाचे आकडे कसे लिहायचे त्याचं प्रमाण, त्याचं जे ठरलेलं सूत्र आहे त्याने हिशोब केला तर साधारण 137 च्या वरचं सगळं चौपट केल्यावर 255 ला जाऊन आपटतं. म्हणजे केशरीतला लाल आधीच 230 होता तो 255, हिरवा 160 होता तोही 255, उरला फक्त निळा, म्हणून ते आधी पिवळं आणि मग पांढरं होतं. सेव्ह केलं की 230 कुठला आणि 160 कुठला हे फाइलमध्ये राहतच नाही. त्यानंतर हायलाइट्स कितीही खाली ओढा, पांढऱ्याचा राखाडी होईल, केशरी नाही. ताईचं नेमकं हेच झालं, एकदा सेव्ह करून दुसऱ्या दिवशी आकाश «दुरुस्त» करायला बसली.

बरं, अर्धी गोष्ट खरी आहे, मान्य करतो. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेला कच्चा डेटा, असेल, काढतानाच आकाश जळलेलं नसेल आणि दोन्ही स्लायडर एकाच बैठकीत फिरवले तर आकाश बरंचसं परत येतं, कारण खालचा मूळ डेटा शाबूत असतो. पण फॉरवर्ड वाचणाऱ्या किती जणांकडे रॉ असतं?

शॅडोज 100 बद्दल एवढंच, की तो स्लायडर चेहरा ओळखत नाही, काळं दिसलं की उचलतो. खडक, काकांची काळी पँट, केस, सगळं धुरकट होतं, दाणे दिसायला लागतात आणि डोक्याभोवती फिकट कडा येते.

आता ती नाटकं, म्हणजे मास्क: फोटोचा एखादाच भाग निवडून फक्त तेवढाच बदलायची सोय. भाच्याच्या फोनमध्ये त्याच क्षणाचा न छेडलेला फोटो होता, तो मागवला आणि लाइटरूम या फोटो एडिट करायच्या ॲपमध्ये उघडला. आधी फक्त आकाशाकडे बघून एक्स्पोजर ठरवलं, हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला चिकटणार नाही इतपत, -0.3 पुरलं. चेहरे अजून काळेच, असू देत. मग दोघांचे चेहरे आणि मान यांच्यावर मऊ कडेचा ब्रश फिरवला, आणि त्या मास्कला ल्युमिनन्स रेंजने इंटरसेक्ट केलं, म्हणजे फक्त गडद भाग धरला जातो. हे महत्त्वाचं, कारण मागून सूर्य असला की केसांवर आणि गालाच्या कडेला सोनेरी रेघ असते, ती आधीच उजळ असते, मास्कमध्ये आली तर तीच पहिली जळते. मास्क कुठे लागलाय ते दाखवणारा लाल रंग आकाशावर सांडतोय का ते बघितलं, मावशीच्या अंबाड्याजवळ सांडत होता, तिथे आकाश निवडून वजा केलं.

एक्स्पोजर +1.3 दिलं. +2 देऊन बघितलं होतं, चेहरा आकाशाएवढाच उजळ झाला आणि फोटो स्टुडिओत पडद्यासमोर काढल्यासारखा दिसायला लागला. मावळतीला चेहरा आकाशापेक्षा गडदच असतो, तो फरक थोडा ठेवायला लागतो. आणि सावलीतल्या चेहऱ्यावर समोरच्या निळ्या आकाशाचा उजेड असतो, तो उचलला की माणूस आजारी दिसतं, म्हणून त्याच मास्कमध्ये टेंपरेचर थोडं पिवळ्याकडे. शेवटी साडी आणि शर्टवर दुसरा मास्क, +0.5 फक्त, नाहीतर उजळ तोंड आणि काळं अंग, मुखवटा घातल्यासारखं. सगळं मिळून दहा मिनिटं, त्यातली पाच अंबाड्यात गेली.

काकांच्या डाव्या डोळ्याखाली दाणे राहिलेत, जेपेगमध्ये तिथे काही नव्हतंच, अजून ओढलं असतं तर चट्टे आले असते. काढतानाच फ्लॅश मारला असता तर हेही झालं नसतं.

ताई, भाच्याला म्हणावं उरलेले फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव, साधे पाठवले की दाबून येतात. आणि तू हात लावायच्या आधी कॉपी काढ.