मध्यरात्रीची टपटप : काही सूचना

रात्री दीड वाजता घरात कुठेतरी 'टप्... टप्...' ऐकू आले, तर सर्वप्रथम कूस बदलावी. बहुतेकांचे काम तेवढ्यावर भागते.

आम्ही मात्र अनुभव नसल्याने उठलो. स्वयंपाकघराचा नळ कोरडा, न्हाणीघरातली बादली गप्प. भिंतीला कान लावल्यावर वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांचे घोरणे तेवढे ऐकू आले. आवाज शौचालयातून येत होता. भांड्यातल्या पाण्यावर दर सेकंदाला एक तरंग उठत होता.

यानंतर फ्लशच्या टाकीचे झाकण चुकूनही उघडू नये, कारण उघडल्यास दोष दिसतो. ओव्हरफ्लोच्या नळीच्या तोंडापर्यंत पाणी चढलेले असते, तर फ्लोट बिघडला असे ठरले असते. आमचे पाणी तोंडाखाली दोन बोटे होते. जिलबीसाठी आणलेला केशरी रंग चिमूटभर टाकीत टाकला आणि फ्लश न करता अर्धा तास स्टुलावर बसून राहिलो. भांड्यात केशरी धार उतरली. म्हणजे तळाचा रबरी वॉशर कडक होऊन नीट बसत नव्हता. अँगल कॉक बंद केला, पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीने खूण केली आणि झोपलो. चार तासांनी पाणी खुणेखाली गेले होते. ते खुणेपर्यंत भरायला एक लिटर लागले. म्हणजे दिवसाला सहा लिटर.

प्लंबरला बोलवावे. तो 'दहा मिनिटांत पोहोचतो' म्हणेल आणि आठ दिवसांनी येईल. येताच, वॉशरकडे ढुंकूनही न पाहता, 'साहेब, अख्खी टाकीच बदला' असा सल्ला देईल. तो शिरसावंद्य मानावा.

शेजाऱ्यांना सांगण्याच्या फंदात पडू नये. आम्ही पडलो. "आमच्याकडे दिवाळीपासून टपकतंय, एवढ्याशा थेंबाने काय होतं?" असे उत्तर मिळाले, वर चहाही मिळाला. दिवाळीला तीन महिने होऊन गेले आहेत. त्यांचा थेंब आमच्याएवढाच धरला, तरी नव्वद दिवसांचे पाचशे चाळीस लिटर होतात. गच्चीवरची पाचशे लिटरची काळी टाकी भरून वर बादल्या उरतील. हेच गृहस्थ सकाळी पाणी वीस मिनिटे उशिरा आले की सेक्रेटरीचे दार वाजवतात आणि सोसायटीच्या सभेत पाणीकपातीवर भाषण ठोकतात!

आता उपरोध पुरे. अहो, हे पाणी शहापूर तालुक्यातल्या भातसा-तानसातून येते, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका टँकरमागे हंडे घेऊन धावतात. तुम्हाला मात्र वाकून एक अँगल कॉक फिरवता येत नाही? नवा वॉशर आणायलाही दिवाळीच उजाडावी लागते काय? आम्ही शेवटी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात जुना वॉशर मापाला दाखवून नवा आणला आणि टाकी रिकामी करून, बैठकीवरचा बुळबुळीत थर पुसून स्वतः बसवला. पंधरा मिनिटे लागली. त्या रात्री आमच्या भिंतीपलीकडून शेजाऱ्यांचे टपटप स्पष्ट ऐकू येत होते.