अर्ध्या किमतीचं पान आणि आमचे नाना

आज सकाळपासून डोकं तापलंय. हर्णैच्या आमच्या शेजारच्या नानांनी हाक मारली. दोन खोल्यांचं होमस्टे आहे त्यांचं. बुकिंगच्या हिशेबासाठी एक सॉफ्टवेअर घेतलंय, महिना 600 रुपये. पावसाळ्यात खोल्या बंद, म्हणून ते रद्द करायला बसले होते. चौथ्या पानावर अडकले. तिथे मोठ्या हिरव्या बटणावर लिहिलेलं, ‘अर्ध्या किमतीत सुरू ठेवा’.

गेल्या मे महिन्यातही त्यांनी हेच बटण दाबलं होतं. तीन महिने 300 प्रमाणे 900 गेले. चौथ्या महिन्यात, सप्टेंबरच्या 12 तारखेला, पूर्ण 600 कापले गेले, कारण सूट संपली की मूळ दर आपोआप लागतो. हे त्याच पानावर लिहिलेलं असतं, बटणाखाली, राखाडी बारीक अक्षरात. म्हणजे एक पाहुणा नसताना 1500 रुपये. आणि नाना वर्षभर सांगत होते, ‘900 वाचवले मी!’ वाचले कुठे? रद्द केलं असतं तर एक रुपया गेला नसता. सूट मूळ किमतीशी ताडायची नाही, शून्याशी ताडायची.

मंडळी, ही पानं कशी चालतात ते नीट बघा. आधी विचारतात, ‘का सोडताय?’ तो प्रश्न सहसा आपुलकीचा नसतो, उत्तरावरून पुढची ऑफर ठरते. ‘महाग वाटतं’ म्हणालात की सूट येते, ‘वापर होत नाही’ म्हणालात की काही महिने थांबवायची सोय, ‘अडचण येते’ म्हणालात की मदतीला माणूस. नानांनी गेल्या वर्षी ‘महाग’ निवडलं होतं, सूट आलीच. आज आम्ही ‘धंदा बंद आहे’ निवडलं. ते खरंही आहे.

तरी ‘तीन महिने थांबवा’ आलंच. हे सगळ्यात गोड दिसतं आणि सगळ्यात जास्त फसवतं. जूनच्या 12 ला थांबवलं की सप्टेंबरच्या 12 ला आपोआप सुरू होतं. तेव्हा गावात गणपतीला घरचे चाकरमानी येतात, भाडं देणारा पाहुणा दिवाळीला येतो. बंद खोल्यांचे 600 पुन्हा गेले. हो, ज्याला ती वस्तू लागणारच आहे त्याने सूट जरूर घ्यावी, पण हे ते पान उघडण्याआधी ठरलेलं असावं.

मग आलं, ‘तुमची पाहुण्यांची यादी कायमची जाईल’. नानांचा हात थरथरला. ही भीती अगदीच खोटी नाही, काही ठिकाणी माहिती खरंच पुसतात. म्हणून यादी आधीच उतरवून घ्यायची, मगच रद्द करायला जायचं. आज आधी एक्सेलमध्ये घेतली आणि वहीत फोन नंबर लिहिले. मग त्या धमकीत दम उरला नाही.

शेवटच्या पानावर फिकट अक्षरात: ‘नको, मला माझा धंदा वाढवायचा नाही’. चाळीस वर्षं पहाटे उठून राबलेल्या माणसाला हे वाक्य दाबायला लावायचं? लाज वाटली पाहिजे लिहिणाऱ्याला. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 च्या नोव्हेंबरात अशा 13 फसव्या युक्त्यांवर बंदी घातली. त्यात ग्राहकाला लाजवणंही आहे आणि रद्द करणं मुद्दाम अवघड करणंही. तक्रारीचा नंबर 1915. तक्रारीसाठी प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट ठेवा.

नाना म्हणाले, ‘अरे, एवढी अर्धी किंमत करून देतायत, नाही कसं म्हणू?’ इथे माझा राग विरघळला. दारातल्या माणसाला नाही म्हणायची सवयच नाही त्यांना. पण नाना, पलीकडे कोणी बसलेलं नाही हो. तुमच्या उत्तरावर आपोआप उघडणारं ते पान आहे.

अजून एक. रद्द करायचं बटण दाबलं म्हणजे झालं, असं नाही. खात्यात जाऊन तारखेआधीचा शब्द वाचा. ‘Renews on’ असेल तर वर्गणी चालूच आहे, ‘Ends on’ किंवा तशाच अर्थाचं काही असेल तरच सुटलात. नुसतं ॲप काढून टाकलं तर वर्गणी थांबत नाही. प्ले स्टोअरमधून घेतली असेल तर तिथल्या सबस्क्रिप्शनमध्येच रद्द करावी लागते. आणि कंपनीकडे रद्द झाल्यावर यूपीआय ॲपमधला ऑटोपेही काढा. तिथे पिन मागेल, तो द्यायचा. पण कंपनीच्या पानावर रद्द करताना मध्येच यूपीआय ॲप उघडून पिन मागितला तर थांबा आणि वर कशाला मंजुरी मागतायत ते वाचा. बरेचदा तो नव्या ऑफरचा ऑटोपे असतो.

नानांच्या खात्यात आता ‘Ends on 12 June’ दिसतंय. पैसे कापण्याआधी किमान 24 तास मेसेज यायला हवा, म्हणून 11 तारखेला त्यांचा फोन मी बघणार आहे.