उत्तर आधी अक्षराने द्या, मग कारण!

नवोदयच्या सहावीच्या परीक्षेची तयारी करणारी पोरं आणि त्यांचे पालक असलेल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी रोज रात्री उत्तरं देतो, आणि त्यावरून एक सांगायचंय. बुद्धिमत्तेचे ४० प्रश्न सगळे आकृत्यांचेच असतात, त्यामुळे प्रश्न टाईप करून कोण पाठवणार, धडाधड फोटो येतात. त्याखाली काही सर लोक अख्खा निबंध लिहितात आणि उत्तर शेवटच्या ओळीत. अहो, पोरगं स्वतः सोडवून बसलंय, त्याला आधी आपलं बरोबर की चूक तेवढं बघायचंय ना! म्हणून पहिलं अक्षर, मग एक ओळ.

पण ती एक ओळ कसली हवी यावर माझं मत जरा कडक आहे. "नीट बघा, समजेल" हे कारण नाही. ज्या पर्यायाला पोरं फसतात तो का नाही, हे त्यात आलं पाहिजे. आता कागद घडी घालून भोक पाडायचा प्रश्न घ्या. चौकोनी कागद उजवीकडून डावीकडे अर्धा दुमडला, मग वरून खाली अर्धा, आणि जिथे दोन्ही घड्या मिळतात त्या कोपऱ्याजवळ एक भोक. माझं उत्तर असं जातं: "सी. दोन घड्या म्हणजे चार थर, म्हणून भोकं चार. घड्यांचा कोपरा म्हणजे कागदाचा मध्य, म्हणून चारही मध्याजवळ. ए मध्ये पण चारच आहेत पण ती बाहेरच्या कोपऱ्यांत." बास. आकडा मोजून दोन पर्याय उडाले, जागा बघून तिसरा. हां, नुसता एखादा कोपरा दुमडला असेल तर सगळीकडे थर सारखे नसतात, तिथे भोक किती थरांतून गेलं ते मोजावं लागतं, दर घडीला दुप्पट हे डोळे झाकून लावू नका.

दुसरं म्हणजे उत्तर त्या फोटोलाच रिप्लाय करून द्या राव. खाली सलग "बी, डी, ए, ए" लिहिलं आणि मधे कुणी अजून एक फोटो टाकला की सगळी उत्तरं एकेक घर सरकतात आणि मग रात्री अकराला आयांचे फोन.

आणि आरशातल्या प्रतिमेचा फोटो कापून पाठवला असेल, आरशाची रेघ दिसतच नसेल, तर मी अक्षर देतच नाही. आरसा उजवीकडे असेल तर डावं-उजवं उलटतं, खाली असेल तर वर-खाली, आणि पर्यायांत बहुतेक दोन्ही दिलेले असतात. "ताई, एक्स-वाय रेघेसकट पूर्ण फोटो टाका" एवढंच लिहितो.

लपलेल्या आकृतीला मात्र शब्दात कारण लिहायच्या भानगडीत पडू नका, अक्षर लिहा आणि फोटोवरच लाल रेघेने आकृती गिरवून परत पाठवा.