प्रतिक्रियेला उत्तर: बिंदू वाढवून आजीचे डोळे परत येत नाहीत

"आजींचं त्रिकोणांचं पोर्ट्रेट पाहिलं. स्पष्ट सांगतो, फुटलेल्या काचेसारखं दिसते आणि डोळ्यांचा तर चिखल झाला. पंधराशेच्या जागी पाच हजार बिंदू टाका ना, काहून इतकं अवघड करता? शेवटी फिल्टरच तर आहे, कॉम्प्युटर काढतोच सगळं."

डोळ्यांबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे, ते चित्र मी घाईत टाकलं, टाकायला नको होतं. पण उपाय तो नाही, आणि काहून नाही ते आजीच्याच फोटोवर दाखवतो.

फोटो 1200 बाय 1600 चा, म्हणजे 19 लाख 20 हजार पिक्सल. त्यावर पंधराशे बिंदू टाकायचे, ते रेघांनी जोडून त्रिकोण करायचे आणि प्रत्येक त्रिकोणात एकच रंग भरायचा; त्यातले 40 बिंदू चौकटीच्या कडेवर. त्रिकोण किती होतील याचा हिशोब पक्का असतो, 2n − h − 2, इथे n एकूण बिंदू आणि h कडेवरचे, तर झाले 2958. एका त्रिकोणाच्या वाट्याला सरासरी साडेसहाशे पिक्सल, म्हणजे बाजू साधारण 39 पिक्सलची. आता आजीच्या डोळ्यातलं बुबुळ मोजलं तर 26 पिक्सल रुंद! जवळपास अख्खं बुबुळ एकाच त्रिकोणात बसते, सोबत थोडं पांढरं, थोडी पापणी, आणि त्या सगळ्याचा मिळून एकच रंग भरायचा, मग मातकट ठिपका नाही येणार तर काय येणार. पाच हजार बिंदू सारखे पसरवले तरी बाजू 21 च्या आसपास राहते, बुबुळाचे दोन-तीन तुकडे होतात पण त्याची गोल कड कुठेच सापडत नाही, आणि तिकडे गाल इतका बारीक चिरला जातो की चित्र धुरकट फोटोसारखं वाटायला लागते.

मग मी दुसरा प्रयत्न केला तो एज डिटेक्शनचा, म्हणजे जिथे उजेड-अंधार झपकन बदलतो तिथे जास्त बिंदू. फोटो मे महिन्यातला, भर दुपारी अंगणातल्या कडुनिंबाखाली काढलेला, आपलं नागपूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. आजीच्या खांद्यावर आणि मागच्या भिंतीवर कवडसेच कवडसे. कडा शोधणाऱ्या सोबेल फिल्टरला ते कवडसे पापणीपेक्षा कितीतरी ठळक दिसतात, कारण तो फक्त उजेडातला फरक मोजतो, डोळा कोणता आणि भिंत कोणती हे त्याला कळतच नाही, त्यामुळे निम्म्याहून जास्त बिंदू भिंतीवर गेले. आधी फोटो थोडा ब्लर केला तर बारीक सुरकुत्यांचा गोंधळ कमी होतो, पण एवढे मोठे कवडसे काही जात नाहीत.

म्हणून शेवटी हाताने मास्क रंगवला, म्हणजे फोटोवर कुठला भाग कोणता ते रंगवून दाखवलं, आणि दोन बिंदूंमधलं कमीत कमी अंतर जागेप्रमाणे ठरवलं: डोळ्यांत 7 पिक्सल, ओठ-नाकाशी 10, गालावर 25, लुगड्यावर 40, मागच्या भिंतीवर 70. एकूण बिंदू झाले साडेअकराशेच्या आसपास. म्हणजे पहिल्यापेक्षा कमीच, आणि डोळे आले!

आता फुटलेल्या काचेचं. ते मुख्यतः चष्म्याच्या काडीमुळे झालं. बिंदू जोडायची डेलोनेची पद्धत (बोरिस डेलोने, 1934) अशी की कोणत्याही त्रिकोणाच्या परिवर्तुळात दुसरा बिंदू नको, त्याने उगाच लांबट सुईसारखे त्रिकोण टळतात. पण काडी कुठून जाते हे त्या नियमाला माहीत नाही. काडीवर मी बिंदू 30-30 पिक्सलवर ठेवले होते आणि गालावरचे बिंदू तिच्या अगदी शेजारी, त्यामुळे त्रिकोण काडी ओलांडून आरपार गेले आणि काडी तुटली. काडीवरचे दोन शेजारचे बिंदू घ्या, त्यांच्यातल्या अंतराला व्यास धरून वर्तुळ काढा, ते रिकामं असेल तर ती रेघ हमखास शाबूत राहते. मी काडीवर 8 पिक्सलवर बिंदू टाकले आणि दोन्ही बाजूंचे 4 पिक्सलच्या आतले बाकीचे सगळे उडवले. काडी अखंड आली.

रंगाचंही एक सांगतो, कारण चिखलात त्याचाही वाटा होता. मी पिक्सलच्या आकड्यांची सरळ सरासरी घेत होतो. अर्धा त्रिकोण काळा म्हणजे 0 आणि अर्धा पांढरा म्हणजे 255 असला तर ती 128 येते, पण उजेडाच्या हिशोबाने खरी सरासरी 188 आहे, कारण फाइलमधले आकडे उजेडाच्या सरळ प्रमाणात नसतात. म्हणजे कडेवरचा प्रत्येक त्रिकोण मी गरजेपेक्षा काळा करत होतो. आता आधी आकडे लिनियर करतो, म्हणजे उजेडाच्या सरळ प्रमाणात आणतो, मग सरासरी, मग परत.

फिल्टर म्हणा, हरकत नाही. पण बुबुळाच्या कडेवरचे आठ-आठ बिंदू मी झूम करून एकेक ठेवलेत, आणि डावीकडे वर जी चमक दिसते ना, ती तीन बिंदूंचा एकच छोटा त्रिकोण आहे, बाजू 5 पिक्सल, कोणत्याच सॅम्पलिंगमध्ये तो आपोआप आला नाही. नवीन चित्र पोस्टमध्ये बदललंय, पहा, आणि डोळा अजूनही खटकला तर कोणता ते नक्की सांगा.